यादी लपवणं, फॉलोअर काढणं आणि ब्लॉक करणं: कशाने नेमकं काय होतं आणि कोणतं आधी करायचं

इन्स्टाग्रामवर आपल्याला कोण कोण फॉलो करतं हे एखाद्या माणसाला दिसू नये असं वाटलं, की हाताशी तीन उपाय असतात. अकाउंट प्रायव्हेट करता येतं, त्या माणसाला फॉलोअरमधून काढता येतं किंवा त्याला ब्लॉक करता येतं. हे तिन्ही एकाच उपायाचे सौम्य, मध्यम आणि कडक प्रकार आहेत असं पुष्कळ जण धरून चालतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. प्रायव्हेट केल्याने तुमची यादी कोणाला उघडता येईल हे ठरतं. काढल्याने यादीतली एक नोंद पुसली जाते. ब्लॉकने दोन अकाउंटमधला जवळजवळ सगळा संबंध तुटतो आणि तो पुन्हा जुळू दिला जात नाही. कामं वेगवेगळी असल्यामुळे क्रमालाही महत्त्व येतं. क्रम चुकला, तर ज्याच्यासाठी खटाटोप केला त्याला यादी आधीसारखीच दिसत राहते. कधी कधी तर आपल्याकडचा पुरावाच आपल्या हातून पुसला जातो.

या लेखात मुख्यतः इन्स्टाग्रामबद्दल लिहिलं आहे. दुसऱ्या ठिकाणी जिथे नियम खरोखर निराळे आहेत, तेवढेच शेवटी दिले आहेत.

## एक फॉलो, दोन याद्या

कोणी तुम्हाला फॉलो करतं तेव्हा एक नोंद होते: हे अकाउंट त्या अकाउंटला फॉलो करतं. नोंद एकच, पण ती दोन पानांवर दिसते. तुमच्या प्रोफाइलवर ती Followers या यादीत येते आणि त्या माणसाच्या प्रोफाइलवर Following या यादीत. तुमचं सेटिंग चालतं ते तुमच्या पानापुरतं. समोरच्याचं अकाउंट सार्वजनिक असेल, तर त्याच्या पानावर तुमचं नाव कोणालाही वाचता येतं. तुम्ही स्वतःचं अकाउंट कितीही बंद केलंत तरी त्यात फरक पडत नाही.

यादी पूर्ण लपवायची तर किती ठिकाणी हात घालावा लागतो, हे खुद्द इन्स्टाग्रामच्या एका निर्णयावरून कळतं. मार्च 2022 मध्ये, युद्ध सुरू झाल्यावर, युक्रेन आणि रशियातल्या प्रायव्हेट अकाउंटसाठी इन्स्टाग्रामने तीन गोष्टी केल्या. त्या अकाउंटच्या याद्या त्यांच्या मंजूर फॉलोअरनाही दिसेनाशा केल्या. ती अकाउंट इतरांच्या याद्यांमधूनही दिसेनाशी केली. आणि दोघांच्या सामाईक ओळखी दाखवणाऱ्या सोयीतूनही ती वगळली. त्याआधी ऑगस्ट 2021 मध्ये फेसबुकने अफगाणिस्तानातल्या अकाउंटच्या मित्रयाद्या पाहण्याची आणि त्यांत शोधण्याची सोय काही काळासाठी काढून घेतली होती. कोण कोणाशी जोडलेलं आहे एवढं कळलं, तरी तिथे माणसांच्या जिवाला धोका होता.

आपल्या रोजच्या सेटिंगमध्ये या तीन दारांपैकी एकच दार आपल्याला लावता येतं, आणि तेही अर्धंच. पुढच्या सगळ्या पायऱ्या करताना हे लक्षात असू द्या.

## प्रायव्हेट केल्यावर यादीचं काय होतं

इन्स्टाग्रामवर फक्त यादी लपवणारं वेगळं बटण नाही. अकाउंट प्रायव्हेट करणं हाच मार्ग आहे. प्रोफाइलवर उजव्या कोपऱ्यातल्या तीन रेघांवर टॅप करा, Account privacy उघडा आणि Private account सुरू करा. बस, एवढंच.

यापुढे कोणी तुमच्या फॉलोअरच्या आकड्यावर टॅप केलं, की सर्व्हर आधी बघतो की विचारणारा कोण आहे. तुम्ही स्वतः असाल तर यादी येते. मंजूर फॉलोअर असेल तर त्यालाही येते. बाकी कोणालाही नाही. यादी पाहणाऱ्याप्रमाणे बदलते, म्हणून स्वतःच्या फोनवर उघडून ‘लपली का’ हे तपासण्यात अर्थ नाही. तुम्हाला ती कायमच दिसणार.

आता या उपायाच्या मर्यादा. आकडा लपत नाही. तुम्हाला किती जण फॉलो करतात आणि तुम्ही किती जणांना करता, हे प्रायव्हेट अकाउंटवरही सगळ्यांना दिसतं. त्यामुळे रोज आकडा बघत बसणाऱ्याला कोणीतरी वाढलं किंवा कमी झालं एवढं कळतंच, नाव कळत नाही. दुसरं म्हणजे Followed by ही ओळ. तुमचं प्रायव्हेट प्रोफाइल उघडणारा माणूस ज्यांना फॉलो करतो, त्यांच्यापैकी जे तुम्हालाही फॉलो करतात त्यांची नावं या ओळीत येतात. म्हणजे सामाईक ओळखीचा काही भाग त्याच्यासमोर उघडाच राहतो.

तिसरी मर्यादा जास्त महत्त्वाची आहे. मंजूर फॉलोअरला पूर्ण यादी दिसते. ‘याने माझ्या पोस्ट बघाव्यात, पण माझी यादी नको’ अशी मधली वाट इथे नाही. ज्याला तुम्ही आत घेतलं, त्याला यादीही दिली. आणि अकाउंट प्रायव्हेट करताना जे आधीपासून फॉलोअर आहेत ते जागच्या जागी राहतात. त्यांना नव्याने परवानगी मागावी लागत नाही. नको असलेला माणूस त्यांच्यातच असेल, तर प्रायव्हेट करून त्याच्यापुरतं काहीच बदलत नाही.

तुमचं अकाउंट व्यवसायाचं असेल तर ते प्रायव्हेट करताच येत नाही. सेटिंगमध्ये हा पर्याय दिसत नसेल तर पहिलं कारण हेच तपासा. आधी ते वैयक्तिक अकाउंटमध्ये बदलावं लागतं, आणि तसं केल्यावर व्यवसायाच्या अकाउंटला मिळणारी आकडेवारीची साधनं जातात. ज्यांचं काम या अकाउंटवर चालतं त्यांना ते परवडत नाही. अशांसाठी माझा सल्ला असा: व्यवसायाचं अकाउंट उघडंच आहे असं धरून चाला आणि घरच्या माणसांसाठी, मित्रमंडळींसाठी वेगळं प्रायव्हेट अकाउंट ठेवा. एकाच अकाउंटवर दोन्ही जमवायला गेलं, की ग्राहकांच्या यादीत बहिणीचं नाव आणि तिच्या मैत्रिणीही कोणालाही वाचायला मिळतात.

## फॉलोअर काढणं

आपल्या Followers यादीत त्या माणसाचं नाव शोधा, नावासमोरचं Remove दाबा, पुन्हा विचारलं की हो म्हणा. त्याला कसलीही सूचना जात नाही. तुमचा आकडा एकने कमी होतो. त्याच्या फीडमध्ये तुमच्या नव्या पोस्ट यायच्या थांबतात आणि तुमच्या प्रोफाइलवर त्याला पुन्हा Follow हे बटण दिसू लागतं. त्याला कळलं तर ते या बटणावरून, किंवा तुमच्या पोस्ट बरेच दिवस दिसल्या नाहीत म्हणून.

काढण्याने एकच नोंद पुसली जाते: तो तुम्हाला फॉलो करतो ही. तुम्ही त्याला फॉलो करत असाल, तर ती नोंद वेगळी आहे आणि ती तशीच राहते. त्याच्या Followers यादीत तुमचं नाव असतंच. हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही, म्हणून काढल्यानंतर त्याच्या प्रोफाइलवर जाऊन स्वतः अनफॉलो करायला विसरू नका. त्याने तुमच्या पोस्टवर केलेल्या जुन्या कमेंट आणि लाइक जागेवर राहतात. जुने मेसेज राहतात. तो तुम्हाला नवा मेसेजही पाठवू शकतो, फार तर तो तुमच्याकडे विनंतीच्या कप्प्यात येईल.

आता सार्वजनिक अकाउंटवर हेच केलं तर काय होईल ते पाहा. तुम्ही त्याला काढलंत. त्याने Follow दाबलं, तो परत आला. तुमची मंजुरी कुठे लागलीच नाही. शिवाय तो परत आला नाही तरी तुमची यादी त्याला दिसतेच, कारण सार्वजनिक अकाउंटची यादी लॉग-इन केलेल्या कोणालाही उघडता येते. म्हणजे यादी लपवण्याच्या दृष्टीने सार्वजनिक अकाउंटवर फॉलोअर काढण्याचा उपयोग शून्य आहे. प्रायव्हेट अकाउंटवर मात्र तेच बटण पूर्ण काम करतं. काढलेला माणूस बाहेर जातो, यादी त्याला बंद होते आणि परत यायचं तर त्याला विनंती पाठवावी लागते. ती मान्य करायची की नाही हे तुमच्या हातात राहतं.

## ब्लॉक करणं

ब्लॉक दोन्ही बाजूंनी चालतो. तो तुम्हाला फॉलो करत असेल तर ते सुटतं आणि तुम्ही त्याला करत असाल तर तेही. त्या अकाउंटवरून तुमचं प्रोफाइल, पोस्ट, स्टोरी दिसत नाहीत, तुम्हाला टॅग करता येत नाही, फॉलोची विनंतीही पाठवता येत नाही. काढण्यातला आणि यातला मोठा फरक हा की काढणं एका क्षणाचं काम आहे आणि ब्लॉक टिकून राहणारा नियम आहे. तुम्ही तो उठवेपर्यंत तो चालू असतो. त्याने आपलं युजरनेम बदललं तरी ब्लॉक सुटत नाही, कारण तो अकाउंटवर असतो, नावावर नाही.

ब्लॉक करताना इन्स्टाग्राम विचारतं, की फक्त हेच अकाउंट ब्लॉक करायचं, की या माणसाची दुसरी अकाउंट आणि पुढे तो काढेल तीही. त्रास देणाऱ्या माणसासाठी दुसरा पर्याय निवडा. पण तो अभेद्य आहे असं समजू नका. इन्स्टाग्रामला जी अकाउंट त्या माणसाशी जोडता येतात, तेवढ्यांपुरताच तो चालतो. तिसऱ्याच कोणाच्या फोनवरून, तिसऱ्याच्या अकाउंटवरून बघणाऱ्याला तो अडवू शकत नाही. म्हणून सार्वजनिक अकाउंट ठेवून एखाद्याला ब्लॉक केलंत, तर तुमची यादी त्याच्या एका अकाउंटपासून लपली एवढंच झालं.

ब्लॉकचा एक परिणाम मात्र करण्याआधीच माहीत असायला हवा. ब्लॉक केलेल्या माणसाने तुमच्या पोस्टवर टाकलेल्या कमेंट आणि लाइक काढून टाकल्या जातात, आणि पुढे ब्लॉक उठवला तरी त्या परत येत नाहीत. धमकीच्या किंवा अर्वाच्य कमेंट असतील, तर तक्रारीसाठी लागणारा पुरावाच त्याबरोबर जातो. म्हणून ब्लॉकच्या आधी स्क्रीनशॉट घ्या. त्यात कमेंटचा मजकूर, युजरनेम आणि कोणत्या पोस्टखाली ती आहे हे तिन्ही दिसलं पाहिजे. त्याच्या प्रोफाइलची लिंकही उतरवून ठेवा. तारीख स्क्रीनशॉटमध्ये नीट दिसत नसेल तर शेजारी लिहून ठेवा.

ब्लॉकने काय होत नाही, तेही सांगतो. सार्वजनिक अकाउंटच्या पोस्टवर तुम्ही केलेल्या कमेंट आणि लाइक त्याला दिसू शकतात. तुम्ही दोघं एखाद्या ग्रुप चॅटमध्ये असाल तर ब्लॉकमुळे कोणीही ग्रुपबाहेर जात नाही, आणि तिथले मेसेज दोघांनाही दिसतात. ग्रुप स्वतः सोडावा लागतो.

काढणं आणि ब्लॉक यांच्या मधली एक जुनी युक्ती आहे. ब्लॉक करायचं आणि लगेच उठवायचं. दोन्हीकडचे फॉलो सुटतात आणि कायमचा ब्लॉकही राहत नाही. इन्स्टाग्रामवर ही युक्ती वापरू नका. Remove असताना तिची गरज नाही, आणि त्या माणसाच्या सगळ्या जुन्या कमेंट आणि लाइक त्यात उगाच जातात. वर्षानुवर्षांच्या मित्राला नुसतं यादीतून कमी करायचं होतं आणि त्याने प्रत्येक फोटोखाली लिहिलेलं पुसलं गेलं, असं होऊन बसतं.

## एक प्रसंग, पायरीपायरीने

समजा एक तरुणी आहे. तिचं अकाउंट वैयक्तिक पण सार्वजनिक आहे आणि 412 फॉलोअर आहेत. पूर्वीच्या नोकरीतला एक सहकारी तिच्या याद्या चाळतो. नवं नाव दिसलं, की त्या माणसाला मेसेज करतो: तुमची तिच्याशी ओळख कशी, ती हल्ली कुठे असते. तिची बहीण आणि दोन मैत्रिणी यांना असे मेसेज आले आहेत. तो तिला फॉलो करतो, आणि जुन्या ओळखीमुळे तीही त्याला करते.

पहिलं काम पुराव्याचं. बहीण आणि मैत्रिणी यांनी आपापल्या मेसेजचे स्क्रीनशॉट घ्यायचे, तिने आपल्या पोस्टवरच्या त्याच्या कमेंटचे. अजून कोणतंही बटण दाबायचं नाही.

दुसरं काम अकाउंट प्रायव्हेट करण्याचं. आधी त्याला काढलं आणि मग प्रायव्हेट केलं, तर मधल्या वेळात तो एका टॅपने परत येऊ शकतो. मग प्रायव्हेट झाल्यावर तो मंजूर फॉलोअरच ठरतो आणि यादी त्याला उघडी राहते. आधी दार लावलं, की मग बाहेर काढलेला बाहेरच राहतो.

तिसरं काम काढण्याचं, पण फक्त त्यालाच नाही. 412 नावं एकदा शांतपणे वाचायची. एकही पोस्ट नसलेली, ओळख न पटणारी, नुकतीच आलेली अकाउंट काढून टाकायची. त्यांच्यापैकी एखादं त्याचंच असू शकतं. यादीसाठी धडपडणारा माणूस एकच अकाउंट ठेवेल असं गृहीत धरू नये. काढलेल्यांपैकी कोणी खरा ओळखीचा असेल, तर तो विनंती पाठवेल आणि ती मान्य करता येईल, त्यामुळे इथे हात आखडता घेण्याचं कारण नाही. मग त्याच्या प्रोफाइलवर जाऊन तिने स्वतः अनफॉलो करायचं.

आता ब्लॉक करायचा का? इथे दोन बाजू आहेत. नुसतं काढलं तर त्याला लगेच कळणार नाही, आणि चिडखोर माणसाच्या बाबतीत तेवढी शांतता मोलाची असते. पण त्याला मेसेज आणि विनंती पाठवता येईल, प्रोफाइलचा फोटो आणि आकडे दिसतील, Followed by ची ओळही दिसेल. या प्रसंगात तो तिच्या माणसांपर्यंत पोचलेला आहे आणि बहिणीलाही त्याने फॉलो केलेलं असेल तर ती ओळ त्याला उपयोगी पडते. म्हणून इथे मी ब्लॉकच करायला सांगेन, दुसरी अकाउंटही धरून. केवळ जुनी ओळख आणि आता जवळीक नको एवढंच असतं, तर काढण्यावर थांबायला सांगितलं असतं.

कमेंटचा त्रास आहे पण समोरच्याला काही कळू द्यायचं नाही, अशा वेळी Restrict उपयोगी पडतं. त्यात त्याची नवी कमेंट तुम्ही मंजूर केल्याशिवाय इतरांना दिसत नाही आणि त्याचे मेसेज विनंतीच्या कप्प्यात जातात. पण तो फॉलोअर राहतो, म्हणजे यादी त्याला दिसत राहते. या प्रसंगाला ते लागू नाही.

चौथं काम तिचं एकटीचं नाही. बहिणीचं अकाउंट सार्वजनिक असेल, तर बहिणीच्या दोन्ही याद्यांमध्ये तिचं नाव आहे. ब्लॉक केलेला माणूस दुसऱ्याच्या अकाउंटवरून ते वाचू शकतो आणि तिथूनच मैत्रिणींपर्यंत पोचू शकतो. बहिणीने आणि त्या दोन मैत्रिणींनी आपली अकाउंट प्रायव्हेट करावीत, त्याला काढावं किंवा ब्लॉक करावं. ते जमणार नसेल, तर निदान तिने त्या अकाउंटना फॉलो करू नये आणि त्यांना आपल्या फॉलोअरमधून काढावं. बहिणीला यादीतून काढणं विचित्र वाटतं खरं, पण त्या सार्वजनिक पानावरून तिचं नाव उतरवण्याचा तेवढाच मार्ग तिच्या हातात राहतो. जे काही करायचं ते बहिणीशी आधी बोलून करावं.

पाचवं काम तपासण्याचं. तिला फॉलो न करणाऱ्या एखाद्या विश्वासातल्या माणसाला तिचं प्रोफाइल उघडून आकड्यांवर टॅप करायला सांगायचं. यादी उघडली नाही, फक्त आकडे दिसले, तर प्रायव्हेट लागू झालं आहे. ब्राउझरच्या खाजगी खिडकीत लॉग-इन न करता बघणं ही खरी तपासणी नव्हे. तिथे सार्वजनिक अकाउंटचीही यादी उघडत नाही, त्यामुळे सगळं लपलं असा खोटा दिलासा मिळतो. त्याच माणसाला बहिणीच्या प्रोफाइलवर जाऊन तिचं नाव शोधायलाही सांगायचं.

पुढचे काही आठवडे येणाऱ्या विनंत्या नीट बघायच्या. नाव ओळखीचं आणि फोटोही ओळखीचा, पण त्या व्यक्तीचं अकाउंट तर आधीच आपल्याकडे आहे, असं दिसलं तर मान्य करण्याआधी फोन करून विचारायचं. ओळखीच्या नावाने नवं अकाउंट काढून आत शिरणं हा नेहमीचा मार्ग आहे, आणि एक मंजुरी दिली की पूर्ण यादी गेली.

## ‘लपलेली यादी दाखवतो’ म्हणणारी ॲप

प्रायव्हेट अकाउंटची यादी दाखवतो असं सांगणारी ॲप आणि साइट पुष्कळ सापडतात. यादी सर्व्हरवरच अडवली जाते. जी माहिती फोनपर्यंत आलीच नाही ती कोणतंही ॲप उघडू शकत नाही. ही ॲप तुमचा पासवर्ड मागतात, तुमच्याच नावाने आत जातात आणि तुम्हाला जे आधीच दिसतं तेवढंच दाखवतात. बदल्यात अकाउंट त्यांच्या हाती जातं. यादी फुटते ती बहुतेक वेळा साध्या मार्गाने: एखादा मंजूर फॉलोअर ती उघडतो आणि स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवतो. त्यावर कोणतंही सेटिंग नाही.

## दुसऱ्या ठिकाणी कुठे काय वेगळं

एक्सवर फॉलोअर काढायची सोय ऑक्टोबर 2021 मध्ये आली. त्याआधी तिथे ब्लॉक करून लगेच उठवण्याचीच युक्ती चालायची. नोव्हेंबर 2024 पासून तिथला ब्लॉक बदलला आहे. सार्वजनिक अकाउंटच्या पोस्ट ब्लॉक केलेल्या माणसालाही दिसतात, फक्त उत्तर देणं, लाइक करणं, फॉलो करणं त्याला जमत नाही. त्यामुळे तिथे ‘दिसू नये’ यासाठी ब्लॉकवर विसंबू नका. पोस्ट प्रोटेक्ट करा आणि मग नको ते फॉलोअर काढा. क्रम इन्स्टाग्रामचाच.

फेसबुकवर मित्रयादीसाठी खरोखर वेगळं सेटिंग आहे. ते Only me वर ठेवता येतं, पण सामाईक मित्र तरीही दिसतात, आणि मित्राने आपली यादी उघडी ठेवली असेल तर तिथे तुमचं नाव दिसतं. पुन्हा तेच, एक नातं आणि दोन पानं. मॅस्टोडॉनवरही Public profile मधल्या Privacy and reach या भागात फॉलोअरच्या आणि फॉलो केलेल्यांच्या याद्या दाखवायच्या की नाहीत हे ठरवता येतं. नावं लपतात, आकडा राहतो.

ब्लूस्कायवर मात्र फॉलोअर काढायचं बटणच नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. तिथे फॉलोची नोंद फॉलो करणाऱ्याच्या स्वतःच्या साठ्यात लिहिली जाते आणि ती सार्वजनिक असते. दुसऱ्याच्या साठ्यातली नोंद तुम्हाला पुसता येत नाही. तुमच्या हातात राहतो तो ब्लॉक, आणि तुम्ही केलेल्या ब्लॉकची नोंदही सार्वजनिकच असते. इन्स्टाग्रामवर सगळ्या नोंदी कंपनीच्या एकाच साठ्यात असतात, म्हणून दुसऱ्याने केलेला फॉलो तुम्ही तुमच्या बाजूने पुसू शकता.

## ब्लॉक उठवताना

कधी ब्लॉक उठवायचा झाला, तर आधीची स्थिती परत येत नाही. दोघांपैकी कोणीही कोणाला फॉलो करत नसतो, आणि कमेंट, लाइक गेलेल्याच असतात. पण त्या माणसासाठी तुमचं प्रोफाइल पुन्हा उघडं होतं. अकाउंट प्रायव्हेट असेल तर त्याला आकडे आणि Followed by ची ओळ दिसेल आणि विनंती पाठवता येईल. मधल्या काळात तुम्ही अकाउंट सार्वजनिक केलं असेल, तर ब्लॉक उठवल्याच्या क्षणी पूर्ण यादी त्याच्यासमोर असते. म्हणून ब्लॉक उठवण्याआधी Account privacy उघडून Private account चालू आहे का ते बघा, आणि बंद असेल तर आधी ते चालू करा.